नव्या टेबलांमुळे पॅकिंग खरेच वाढले का? शीटमधली टी-टेस्ट आणि साहेबांना द्यायचे उत्तर

पेटीमोजणी

नमस्कार. मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये नोंदी ठेवण्याचे काम करते. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे असून संख्याशास्त्र कॉलेजात एक वर्ष होते, तेवढेच. सध्या एका प्रश्नात अडकले आहे आणि येथे जाणकार मंडळी आहेत, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे महिला सपाट टेबलावर पॅकिंग करतात. क्रेट खाली जमिनीवर असतो, त्यामुळे प्रत्येक घड उचलताना वाकावे लागते. एका फॅब्रिकेटरने नमुन्यादाखल उताराची १२ टेबले आणून दिली आहेत. त्यांत क्रेट कमरेच्या उंचीवर बसतो. साहेबांनी मला विचारले, की या टेबलांमुळे पॅकिंग वाढते का, ते मोजून सांगा, म्हणजे पुढच्या हंगामासाठी सर्व ४० टेबले बदलायची की नाहीत ते ठरवता येईल.

मी १२ जणींची एका पाळीतली मोजणी केली. आधी जुन्या टेबलावर आणि नंतर त्याच १२ जणींची नव्या टेबलावर. आकडा म्हणजे ५ किलोच्या पेट्या, प्रत्येकीत ५०० ग्रॅमचे १० पनेट.

| पॅकर | जुने | नवे | फरक |
|---|---|---|---|
| १ | ४८ | ५१ | ३ |
| २ | ६२ | ६४ | २ |
| ३ | ३९ | ४४ | ५ |
| ४ | ५५ | ५४ | −१ |
| ५ | ७१ | ७५ | ४ |
| ६ | ४४ | ४६ | २ |
| ७ | ५८ | ६३ | ५ |
| ८ | ५० | ५० | ० |
| ९ | ६६ | ६९ | ३ |
| १० | ४१ | ४५ | ४ |
| ११ | ५३ | ५१ | −२ |
| १२ | ६१ | ६४ | ३ |

जुन्या टेबलाची सरासरी ५४ आणि नव्याची ५६.३३ येते. एका व्हिडिओत पाहून मी पुढील सूत्र लिहिले:

```
=T.TEST(B2:B13,C2:C13,2,2)
```

उत्तर, म्हणजे पी-व्हॅल्यू, ०.५८ आले. व्हिडिओत सांगितले होते, की ०.०५ पेक्षा जास्त आले तर फरक नाही. परंतु १२ पैकी ९ जणींचे काम वाढलेले मला समोर दिसते आहे, त्यामुळे "फरक नाही" असे साहेबांना सांगायला मन धजत नाही. माझे काही चुकले आहे का? आणि साहेबांना हे सांगायचे कसे? त्यांची हयात द्राक्षात गेली आहे, हिशोब तोंडी करतात, पण पी-व्हॅल्यू हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही आणि मला तो त्यांच्यासमोर उच्चारायचाही नाही.

गंगापूररोडकर

ताई, सूत्रातला शेवटचा आकडा बदला. तुम्ही २ लिहिले आहे, तेथे १ हवा. त्याच महिला दोन्ही टेबलांवर होत्या, म्हणजे ही जोडीची मोजणी आहे, जिला पेअर्ड टेस्ट म्हणतात. मी तुमचे आकडे टाकून पाहिले, उत्तर ०.००४५ येते. आता साहेबांना सरळ सांगा, की नवे टेबल चांगले असण्याची शक्यता ९९.५५ टक्के आहे. एवढी खात्री असताना ऑर्डर द्यायला हरकत नसावी. शिवाय तुम्हाला फक्त वाढच पाहायची असेल तर तिसरा आकडा २ ऐवजी १ करा, म्हणजे उत्तर आणखी निम्मे होईल.

नाशिकरोडचे काका

शेवटच्या आकड्याबद्दल गंगापूररोडकरांचे म्हणणे बरोबर आहे, पण पुढच्या दोन्ही गोष्टींशी मी सहमत नाही. त्यांच्याकडे वळण्याआधी ०.५८ आणि ०.००४५ यांत एवढे अंतर का पडले, ते पाहू या. हे अंतर कळले की साहेबांना सांगायचे अर्धे काम होते.

तुमच्या तक्त्यातली तिसरी आणि पाचवी ओळ शेजारी ठेवा. तिसऱ्या ताई ३९ पेट्या भरतात आणि पाचव्या ७१. दोघींमध्ये ३२ पेट्यांचे अंतर आहे आणि त्याचा टेबलाशी काही संबंध नाही. तो हाताच्या वेगाचा आणि सवयीचा फरक आहे. शेवटचा आकडा २ लिहिला, की शीटला वाटते जुन्या टेबलावरच्या १२ बाया वेगळ्या आणि नव्यावरच्या १२ वेगळ्या. मग ती म्हणते, की येथे बायाबायांमध्येच ३०-३० पेट्यांची तफावत आहे, त्यात सव्वादोन पेट्यांची वाढ कोठून ओळखू येणार? तिच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण जोडी आहे हे आपण तिला सांगितलेलेच नाही.

शेवटचा आकडा १ केला, की ती प्रत्येकीची तुलना तिच्या स्वतःशीच करते. म्हणजे फक्त तुमचा चौथा स्तंभ पाहते. तिसऱ्या ताईंचा फरक ५, पाचव्या ताईंचा ४. वेगाचे ते ३२ पेट्यांचे अंतर हिशोबातून निघून गेले. खात्री करून घ्यायची असेल तर आकडे किती विखुरलेले आहेत ते सांगणारी ही दोन प्रमाण विचलने काढा:

```
=STDEV.S(B2:B13)
=STDEV.S(D2:D13)
```

पहिले उत्तर १० च्या थोडे वर येईल आणि दुसरे २.२७. सरासरी वाढ तीच २.३३ आहे, पण ती एकदा १० च्या गोंगाटात ऐकायची होती आणि आता २.२७ च्या गोंगाटात ऐकायची आहे.

एक सावधगिरी सांगतो. जोडीची टेस्ट ओळींवर चालते. कोणी चुकून एकच स्तंभ लहान-मोठा असा लावला, तर दोन्ही सरासऱ्या जशाच्या तशा राहतात, पण जोड्या तुटतात आणि शीट काहीही तक्रार करत नाही. म्हणून फरकाचा स्तंभ नेहमी डोळ्यांसमोर ठेवावा. त्यात एकदम २५ किंवा −१८ असा आकडा दिसला, की ओळी सरकल्या आहेत असे समजावे.

आता ९९.५५ टक्क्यांबद्दल. ०.००४५ हा आकडा टेबल चांगले असण्याची शक्यता सांगत नाही. तो सांगतो ते असे: समजा टेबलाने काहीच फरक पडत नसता, तर रोजच्या नेहमीच्या चढउतारामुळेच एवढी किंवा याहून मोठी तफावत, कोणत्याही बाजूला, १००० वेळांत साधारण ४-५ वेळा दिसली असती. "फरक नसता तर" हे शब्द त्यातून काढता येत नाहीत. टेबल चांगले असण्याची शक्यता किती, याचे उत्तर द्यायला आणखी बरीच माहिती लागते आणि ती या १२ ओळींत नाही.

राहिला प्रश्न एकाच बाजूच्या टेस्टचा. नव्या टेबलाने काम कमी झाले असते, तर ते साहेबांना कळवायचे नव्हते का? कळवायचे असते तर टेस्ट दोन्ही बाजूंची असावी. उत्तर पाहिल्यानंतर ती एका बाजूची करणे तर मुळीच योग्य नाही.

गंगापूररोडकर

एका बाजूच्या टेस्टबद्दल मान्य. पण काका, मॅनेजर माणसाला "फरक नसता तर" असे उलटे वाक्य सांगितले, तर तो म्हणेल, की मला सुलट सांगा. मी सेल्समध्ये १५ वर्षे काढली आहेत. वाक्य जितके अचूक, तितके ते समोरच्याच्या डोक्यावरून जाते, हा माझा अनुभव आहे. ९९ टक्के म्हटले की त्याला समजते.

निफाडचा बागायतदार

मी संख्याशास्त्र शिकलेलो नाही, पण माझा माल अशाच पॅकहाऊसला जातो, म्हणून दोन गोष्टी विचारतो.

पहिली अशी, की जुन्या टेबलाची मोजणी आणि नव्या टेबलाची मोजणी एकाच दिवशी झाली का? आणि दोन्ही वेळी माल एकाच बागेचा होता का? हे विचारण्याचे कारण असे, की घड सुटसुटीत आणि मणी एकसारखा असेल तर पनेट पटापट भरतो. घड गच्च असेल, आतला खराब मणी कातरून काढावा लागत असेल, तर तीच बाई तेवढ्याच वेळात चार-पाच पेट्या कमी भरते. त्यात टेबलाचा काही दोष नसतो.

दुसरी गोष्ट साहेबांना समजावण्याबद्दल. तुमचे साहेब द्राक्षातले आहेत ना, मग त्यांना ब्रिक्सचे उदाहरण द्या. एकाच प्लॉटमधून सकाळी वेगवेगळ्या वेलींचे मणी तोडले आणि रिफ्रॅक्टोमीटरवर रस टाकला, तर एकदा १७.६ येते आणि दुसऱ्यांदा १८.१ येते. म्हणून काय अर्ध्या तासात साखर वाढली असे कोणी म्हणत नाही, नमुना बदलला असेच म्हणतो. पण दहाही वेळा डाव्या बाजूच्या वेली उजवीपेक्षा जास्त दाखवू लागल्या, तर आपण पाण्याचा किंवा उन्हाचा विचार करू लागतो. मला वाटते तुमची टेस्ट हेच पाहते, की हा नमुन्याचा खेळ आहे की त्यापलीकडचे काही आहे.

पेटीमोजणी

काका, शेवटचा आकडा १ केला आणि ०.००४५ आले. दोन्ही प्रमाण विचलनेही तुम्ही म्हणालात तशीच आली. मनापासून आभार.

निफाडच्या दादांचा प्रश्न वाचून मात्र मी थांबले. जुन्या टेबलाची मोजणी सोमवारी झाली आणि नव्याची गुरुवारी. सोमवारचा माल दिंडोरीकडच्या एका बागेचा होता, गुरुवारचा दुसऱ्या बागेचा. दोन्ही थॉमसन जातीचीच द्राक्षे, पण गुरुवारचे घड अधिक मोकळे होते, असे आमच्या मुकादम मावशीच सांगत आहेत. मग आता ०.००४५ चे काय करायचे?

नाशिकरोडचे काका

बागायतदारांनी नेमका जो प्रश्न विचारायला हवा होता तोच विचारला. मी आकड्यांत शिरलो आणि तो विचारायचा राहून गेला.

०.००४५ चुकीचे नाही. सोमवार आणि गुरुवार यांत नमुन्याच्या चढउतारापलीकडचे काहीतरी वेगळे होते, एवढे ते सांगते. ते वेगळे टेबल होते, माल होता, की सोमवारी आलेला थकवा होता, हे सांगण्याचे सामर्थ्य कोणत्याही सूत्रात नाही. टेबल आणि दिवस एकाच वेळी बदलले, म्हणून दोघांचा परिणाम एकात एक मिसळला.

यावर उपाय मोजणी करतानाच करावा लागतो. १२ जणींच्या चिठ्ठ्या टाका. पहिल्या दिवशी सहा जणी जुन्या टेबलावर आणि सहा नव्यावर, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. मग मोकळ्या घडांचा फायदा त्या दिवशी दोन्ही टेबलांना सारखाच मिळेल. चिठ्ठ्याच टाका. मुकादमांना निवडायला सांगितले, तर नकळत चपळ हाताच्या बायका नव्या टेबलावर जातील.

अंबडचा टर्नर

माझाही असाच प्रश्न आहे, म्हणून येथेच विचारतो. अंबड एमआयडीसीत आमच्या शॉपमध्ये धातू कापणाऱ्या दोन प्रकारच्या इन्सर्टवर जॉब केले. एका प्रकारच्या १५ इन्सर्टनी प्रत्येकी किती नग झाले ते लिहिले, तसेच दुसऱ्याच्या १५ चे. वरचे वाचून मीही शेवटचा आकडा १ केला, कारण दोन्हीकडे १५-१५ आहेत म्हणजे जोड्या जुळतात. पण इन्सर्ट टाकण्याचा क्रम बदलला, की उत्तर बदलते. असे का होते?

नाशिकरोडचे काका

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. संख्या सारखी असणे म्हणजे जोडी नव्हे. पहिल्या प्रकारचा सातवा इन्सर्ट आणि दुसऱ्या प्रकारचा सातवा इन्सर्ट यांचे आपसांत काही नाते आहे का? नसेल, तर त्यांना एका ओळीत बसवणे हा निव्वळ योगायोग ठरतो आणि ओळी हलवल्या की उत्तर हलते. तुमच्यासाठी शेवटचा आकडा ३ आहे. त्यात दोन्ही गटांची तफावत सारखीच असेल असे गृहीत धरावे लागत नाही. १५ वेगवेगळी मशीन असती आणि प्रत्येक मशीनवर दोन्ही प्रकार चालवले असते, तर मात्र ती जोडी झाली असती.

पेटीमोजणी

चिठ्ठ्या टाकून दुसरी फेरी घेण्याची परवानगी साहेबांनी दिली. त्या बोलण्यात त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी पहिल्याच दिवशी विचारायला हवी होती. ते म्हणाले, "वाढ आहे का, हे मला नुसते नको. एका बाईमागे रोज किमान दोन पेट्या वाढल्या तरच टेबलाचा खर्च दोन हंगामांत निघतो. दीड वाढली तर मी जुनीच टेबले ठेवीन." म्हणजे त्यांचा प्रश्न शून्य की शून्याहून जास्त, असा नाहीच. मग टेस्टही वेगळी करावी लागेल का?

नाशिकरोडचे काका

साहेबांनी दोन पेट्या म्हटले ही फार कामाची गोष्ट झाली. आता पी-व्हॅल्यू बाजूला ठेवली तरी चालेल. त्याऐवजी वाढीची खालची आणि वरची मर्यादा काढा. फरकाच्या स्तंभावर हे सूत्र लिहा:

```
=CONFIDENCE.T(0.05,STDEV.S(D2:D13),12)
```

पहिल्या फेरीच्या आकड्यांवर उत्तर १.४४ येते. सरासरी २.३३ मधून ते वजा केले आणि त्यात मिळवले, की ०.९ ते ३.८ अशी मर्यादा मिळते. ही मर्यादा काढण्याची रीत अशी आहे, की अशाच मोजण्या पुनःपुन्हा केल्या तर १०० पैकी साधारण ९५ वेळा खरी सरासरी वाढ अशा मर्यादेच्या आत सापडते.

आता साहेबांची दोनची रेघ त्यावर ओढा. शून्य या मर्यादेच्या बाहेर आहे, म्हणून पी-व्हॅल्यू लहान आली. पण दोन मर्यादेच्या आत आहे. म्हणजे दिवसाचा आणि मालाचा प्रश्न घटकाभर विसरलो, तरी या मोजणीवरून "वाढ आहे" असे म्हणता येते आणि "वाढ दोनपेक्षा जास्त आहे" असे म्हणता येत नाही. ०.००४५ ऐकून साहेबांनी ४० टेबले मागवली असती, तर त्यांनी स्वतःच्याच अटीचा विचार न करता मागवली असती. गंगापूररोडकर, ९९ टक्क्यांना माझा विरोध होता तो याचसाठी. तो आकडा ऐकताना समोरच्याला वाटते, की आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आणि प्रत्यक्षात उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे असते.

गंगापूररोडकर

हे पटले. मर्यादेला ४० ने गुणले तर साहेबांच्या भाषेत येईल. ४० बायांमागे रोज ३६ ते १५१ पेट्या. हा पल्ला पाहिला, की कोणताही धंदेवाला स्वतःच म्हणेल, की अजून मोजा. माझ्या ९९ टक्क्यांपेक्षा हे वाक्य चांगले आहे, हे मी मान्य करतो.

सराफबाजार

मी निवृत्त शिक्षिका आहे. साहेबांना सूत्राशिवाय पटवायचे असेल तर नाणेफेकीची रीतही आहे. शून्य फरकाची आठवी ओळ सोडा. उरल्या ११, त्यांत ९ वाढलेल्या आणि २ घटलेल्या. टेबलाने काही होत नसते, तर प्रत्येकीचे वाढणे-घटणे नाणेफेकीसारखे झाले असते. ११ वेळा नाणे उडवून ९ किंवा त्याहून जास्त वेळा एकच बाजू पडणे १०० त साडेसहा वेळा घडते. मुलांना मी हे खरोखर नाणी उडवायला लावून शिकवत असे. साहेबांनाही चहाच्या वेळी करून पाहता येईल.

नाशिकरोडचे काका

रीत उत्तम आहे, बाई. फक्त साहेबांसमोर दोन्ही आकडे एकदम ठेवू नयेत, नाहीतर साडेसहा टक्के आणि अर्ध्या टक्क्याहून कमी यांतले खरे कोणते, असे ते विचारतील. नाणेफेकीत वाढ ५ ची की २ ची हे पाहिले जात नाही, फक्त दिशा पाहिली जाते. तेवढी माहिती सोडल्यामुळे पुरावा सौम्य होतो.

पेटीमोजणी

दुसरी फेरी पूर्ण झाली. चिठ्ठ्या टाकून सहा जणी मंगळवारी जुन्यावर आणि बुधवारी नव्यावर, उरलेल्या सहा जणी त्याच्या उलट. नवे वजा जुने, असे फरक देते.

आधी जुने, मग नवे: ४, १, ५, −२, ३, २

आधी नवे, मग जुने: ४, −१, ०, ५, −३, ०

सर्वांची सरासरी वाढ १.५ आली. जोडीच्या टेस्टचे उत्तर ०.०८५ आणि मर्यादा −०.२५ ते ३.२५. पहिल्या फेरीत ०.००४५ आणि आता ०.०८५, हे पाहून मला धक्का बसला. आता "फरक नाही" असे सांगायचे का?

नाशिकरोडचे काका

नाही, तसे सांगू नका. "फरक नाही" असे म्हणायला मर्यादा शून्याच्या आसपास अगदी अरुंद असावी लागते. तुमची मर्यादा सव्वातीन पेट्यांपर्यंत जाते. साहेबांच्या दोन पेट्याही तिच्या आत आहेत आणि शून्यही आत आहे. याचा अर्थ एवढाच, की १२ जणींच्या एका फेरीला हा प्रश्न सोडवता आला नाही.

दोन्ही गटांची सरासरी वेगवेगळी काढा. ज्यांनी नवे टेबल दुसऱ्या दिवशी वापरले त्यांची वाढ २.१७ आहे आणि ज्यांनी पहिल्या दिवशी वापरले त्यांची ०.८३. टेबलाचा परिणाम दोन्ही गटांत सारखाच धरला, तर या दोहोंच्या मधला आकडा १.५ हा टेबलाचा वाटा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा ०.६७ हा दुसऱ्या दिवसाचा वाटा. म्हणजे बुधवारी टेबल कोणतेही असो, प्रत्येकीने सरासरी पाऊण पेटीच्या जवळपास जास्त भरलेली दिसते. सहा-सहा जणींच्या आकड्यांवर फार विसंबू नये, पण पहिल्या फेरीतल्या २.३३ मध्ये दिवसाचाही काही भाग मिसळलेला असू शकतो, ही बागायतदारांची शंका रास्त होती.

निफाडचा बागायतदार

मग दोन्ही फेऱ्या एकत्र करून २४ ओळींची एक टेस्ट का करू नये? माहिती जास्त होईल.

नाशिकरोडचे काका

मी करणार नाही. पहिल्या फेरीत टेबल आणि दिवस मिसळलेले आहेत, ते एकत्र केल्याने सुटे होत नाहीत. शिवाय त्याच १२ जणी दोनदा येतात, त्यामुळे २४ ओळी म्हणजे २४ वेगळ्या साक्षी नव्हेत. पहिली फेरी काही प्रमाणात वापरता येईल असे मानणारे माझे एक जुने सहकारी आहेत आणि त्यांच्याशी माझा हा वाद आजही मिटलेला नाही.

पेटीमोजणी

काल साहेबांना पुढील मजकूर कागदावर लिहून दिला:

"आपण १२ महिलांची दोन्ही टेबलांवर चिठ्ठ्या टाकून मोजणी केली. नव्या टेबलावर सरासरी दीड पेटी जास्त भरली गेली. एवढ्या मोजणीवरून खरी वाढ सव्वातीन पेट्यांइतकी असू शकते किंवा अजिबात नसूही शकते. आपल्याला खर्च निघण्यासाठी दोन पेट्या हव्या आहेत. त्या मिळतील किंवा मिळणार नाहीत, यांपैकी काहीच आज खात्रीने सांगता येत नाही. पहिल्या फेरीत वाढ जास्त दिसली होती, परंतु त्या वेळी टेबलाबरोबर बागही बदलली होती, म्हणून तो आकडा धरलेला नाही."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग ब्रिक्सचे उदाहरण मी सांगण्याआधीच ते म्हणाले, "म्हणजे मणी कमी तोडलेत, अजून तोडायला हवेत." त्यांचा पुढचा प्रश्न होता, की किती बायांची मोजणी केली म्हणजे मर्यादा एका पेटीच्या आत येईल? फॅब्रिकेटर टेबले आणखी दोन आठवडे ठेवायला तयार आहे.

नाशिकरोडचे काका

दुसऱ्या फेरीतल्या फरकांचे प्रमाण विचलन २.७५ च्या जवळ आहे. ते तसेच राहील असे धरून `CONFIDENCE.T` च्या शेवटच्या जागी १२ ऐवजी मोठे आकडे घालत जा. ३२ ला उत्तर एकच्या खाली येते. तुमच्याकडे टेबले १२ आहेत, म्हणजे अदलाबदलीने एका वेळी २४ जणींची मोजणी सहज होईल, आणि २४ ला मर्यादा दोन्ही बाजूंना सुमारे १.२ राहील. दोन्ही दिवशी एकाच बागेचा माल घेतलात तर विचलन घटेल आणि तेवढ्यातही भागू शकेल.

एक गोष्ट मात्र साहेबांना आधीच सांगून ठेवा. खरी वाढ दोनच्या अगदी जवळ असेल, तर ३२ काय, सर्व ४० जणी मोजल्या तरी दोनची रेघ मर्यादेच्या आतच राहील. तसे झाले तर आणखी मोजणी करण्यापेक्षा फॅब्रिकेटरशी दराबाबत बोलणे अधिक उपयोगाचे होईल, कारण टेबल स्वस्त मिळाले की दोनची रेघच खाली सरकते.

पेटीमोजणी

२४ जणींची यादी केली आहे. सोमवार-मंगळवार दोन्ही दिवस एकाच बागेचा माल देण्याचे साहेबांनी मान्य केले आहे. चिठ्ठ्या मुकादम मावशींच्या हाताने सर्वांसमोर काढणार आहोत. आकडे आले की येथेच लिहीन.